डिफ्लेशननंतर दुसरा आयगेन व्हेक्टर का सरकतो

प्रश्न: नाशिक जिल्ह्यातल्या १२ बाजार समित्यांचे कांद्याचे आठवडी सरासरी भाव घेतलेत, १० आठवड्यांचे. त्यांची कोरिलेशन मॅट्रिक्स काढून पॉवर मेथड स्वतः लिहिली. दोन फेऱ्यांमध्ये λ चा बदल 1e-4 च्या आत आला की थांबतो. पहिली आयगेन व्हॅल्यू NumPy च्या तयार eigh फंक्शनशी चार दशांशांपर्यंत जुळते. मग A - λ v vᵀ करून तेच परत चालवतो. दुसरी व्हॅल्यू ठीक येते, पण तिचा व्हेक्टर दुसऱ्याच दशांशात वेगळा येतो. आणि दहावी व्हॅल्यू चक्क ऋण आली! कोरिलेशन मॅट्रिक्सला ऋण कशी येईल? सर म्हणतात डिफ्लेशन ही पद्धतच कच्ची. खरंच का?

उत्तर:

पद्धत कच्ची नाही. तुमच्या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत, पण दोन्हीकडे एकच धागा जातो: पहिला व्हेक्टर तुम्ही अर्धवट शिजलेला उचललात. λ बघून तो शिजला असं वाटलं, एवढंच. तुमचा पूर्ण कोड समोर नाही, त्यामुळे काही गोष्टी मी अंदाजाने धरतोय. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं इतकी ओळखीची आहेत की अंदाज फार चुकेल असं वाटत नाही.

आधी वजाबाकी का चालते ते एका परिच्छेदात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सिमेट्रिक मॅट्रिक्सचे आयगेन व्हेक्टर एकमेकांना काटकोनात घेता येतात. म्हणून A मधून λ₁ v₁ v₁ᵀ काढलं की v₁ च्या दिशेला शून्य उरतं. बाकीच्या व्हेक्टरांना हात लागत नाही, कारण v₁ᵀ v₂ शून्यच आहे. दुसऱ्या नंबरची जोडी आता पहिल्या नंबरला येते आणि पॉवर मेथड तिलाच पकडते. हॅरोल्ड हॉटेलिंगने १९३३ मध्ये प्रिन्सिपल कॉम्पोनंट मांडताना हीच युक्ती वापरली, म्हणून तिला हॉटेलिंगचं डिफ्लेशन म्हणतात. अट एकच, v ची लांबी १ हवी. कॉलेजात आपण सगळे सर्वांत मोठ्या घटकाने भागून पॉवर मेथड शिकतो. तो व्हेक्टर तसाच वापरला तर vᵀv ने भागावं लागतं, आणि हे विसरणारे बरेच भेटतात. तुमची दुसरी λ ठीक येतेय, म्हणजे ही चूक तुमची नाही.

पायथॉनमध्ये आणखी एक खड्डा आहे, तोही सांगून टाकतो. एकमितीय अ‍ॅरेवर `v @ v.T` लिहिलं तर मॅट्रिक्स मिळत नाही, नुसता एक आकडा मिळतो. तो आकडा मग A च्या प्रत्येक घटकातून मुकाट्याने वजा होतो, एररसुद्धा येत नाही. तिथे `np.outer(v, v)` हवं. पडताळा सोपा आहे: वजाबाकीनंतर ट्रेस बरोब्बर λ₁ ने कमी झाला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. ती हाताने करता येईल अशा उदाहरणावर दाखवतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि येवला अशा तीन बाजारांची ही मॅट्रिक्स समजा. आकडे मी सोयीचे घेतलेत, खऱ्या भावांशी त्यांचा संबंध नाही:

```
5  3  2
3  4  3
2  3  5
```

हिची खरी उत्तरं आधीच सांगून ठेवतो. आयगेन व्हॅल्यू १०, ३ आणि १. पहिला व्हेक्टर (1, 1, 1), म्हणजे तिन्हीकडे भाव एकदम चढतो किंवा उतरतो. दुसरा (1, 0, -1), म्हणजे लासलगाव वर तेव्हा येवला खाली, आणि पिंपळगाव या ओढाताणीत नाही. तिसरा (1, -2, 1). गुणून बघा, जुळतात.

पॉवर मेथड (1, 0, 0) पासून सुरू करू. A ने गुणत गेलं की क्रमाने हे मिळतं:

```
(5, 3, 2)
(38, 33, 29)
(347, 333, 320)
(3374, 3333, 3293)
```

चौथ्या ओळीत तिन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात. आता प्रत्येक ओळीवरून λ काढा. मी xᵀAx भागिले xᵀx ने काढतो, तुम्हीही बहुतेक तसंच करत असणार. दुसऱ्या ओळीवरून ९.९१५५ येते, तिसरीवरून ९.९९२३, चौथीवरून ९.९९९३. समजा मी टॉलरन्स ०.०१ ठेवलाय. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत फरक ०.००७ पडला, म्हणजे मी इथे थांबणार. खरी λ १० आहे, माझी चूक फक्त ०.०००७ आहे. कुणालाही वाटेल की काम फत्ते झालं.

आता व्हेक्टरकडे बघा. लांबी १ केल्यावर तो (0.584, 0.577, 0.570) असा आहे, आणि तिन्ही घटक ०.५७७ हवे होते. त्यात दुसऱ्या व्हेक्टरची सुमारे ०.००९९ एवढी भेसळ आहे, म्हणजे जवळपास १ टक्का. λ चार आकड्यांपर्यंत आली आणि व्हेक्टर दोनपर्यंतच, असं का? कारण व्हेक्टरमध्ये भेसळ θ असेल तर λ मधली चूक (λ₁ − λ₂)θ² एवढी असते. इथे ७ गुणिले ०.००९९ चा वर्ग, तोच ०.०००७. सिमेट्रिक मॅट्रिक्सचं हे एरवी मोठं वरदान आहे, बेताच्या व्हेक्टरातून उत्तम λ मिळते. पण थांबायचं कधी हे λ ला विचारलं की ती आपल्याला गोड बोलून फसवते. तुम्ही λ साठी 1e-4 मागितलं, तेव्हा व्हेक्टरसाठी नकळत 1e-2 च्या आसपासच मागितलंत.

एक टक्का भेसळ असलेला हा v घेऊन वजाबाकी केली की काय होतं, ते दोन ओळींत बसतं. v म्हणजे साधारण v₁ + θ v₂. आता नवी मॅट्रिक्स B = A − 10 v vᵀ, ती खऱ्या v₂ वर लावून बघू. A v₂ ने ३ v₂ मिळतं. वजा होणाऱ्या भागात vᵀ v₂ शून्य नाही, θ आहे, म्हणून 10 θ v वजा होतं. v हा जवळजवळ v₁ च आहे. हाती उरतं:

```
B v₂ ≈ 3 v₂ − 10 θ v₁ = 3 (v₂ − (10/3) θ v₁)
```

पुढच्या फेरीत ही v₁ ची भेसळ फुगते का? नाही फुगत. v₁ वर B लावलं की १० v₁ मधून जवळजवळ तेवढंच वजा होतं आणि θ च्या पटीत किरकोळ काहीतरी उरतं. म्हणजे भेसळ वाढत नाही, पण जातही नाही. B वर तुम्ही पाचशे फेऱ्या मारल्या तरी ती (λ₁/λ₂)θ वरच बसून राहते. कारण B चा खरा आयगेन व्हेक्टरच आता तो वाकडा व्हेक्टर आहे. पॉवर मेथड तिचं काम चोख करतेय, तिला दिलेली मॅट्रिक्स वाकडी आहे.

आपल्या उदाहरणात (10/3) × ०.००९९ म्हणजे ०.०३३. दुसरा व्हेक्टर (0.707, 0, -0.707) यायचा तो (0.688, -0.019, -0.726) येतो. पिंपळगावच्या जागी शून्य हवं होतं, तिथे −०.०१९ आलं. तुमचं "दुसऱ्याच दशांशात वेगळा" ते हेच. आणि दुसरी λ? ती ३.००२३ येते, कारण तिथेही चूक वर्गाच्याच पटीत. म्हणून व्हॅल्यू तुम्हाला ठीक वाटली.

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट अशी. तिसऱ्या ओळीवर, म्हणजे एक फेरी आधी, पहिल्या व्हेक्टरमधली भेसळ किती होती? प्रत्येक फेरीत ती λ₂/λ₁ ने, म्हणजे ०.३ ने गुणली जाते. चौथीला ०.००९९, तर तिसरीला ०.०३३. तोच आकडा! डिफ्लेशनने पहिल्या व्हेक्टरची भेसळ दुसऱ्यात λ₁/λ₂ पट करून आणली, पण λ₁/λ₂ पट म्हणजे पॉवर मेथडची नेमकी एक फेरी मागे जाणं. तुमच्या सरांचं म्हणणं मी इथपर्यंतच मान्य करेन, डिफ्लेशन एक फेरी खातं. एका फेरीसाठी पद्धतीला कच्ची म्हणणं जरा जास्तच झालं. तुम्ही ज्या फेरीवर थांबलात तीच लवकर होती.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझं काम यंत्रांच्या कंपनांचं, अंबडच्या बाजूला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसच्या खालच्या लोखंडी चौकटीचे मोड, म्हणजे ती कशी कशी थरथरते ते आकार, काढायचे होते. तिथे λ म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या वर्गाचा व्यस्त. पहिला मोड २० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा साधारण ६० असेल तर λ₁/λ₂ होतं ९. माझा प्रोग्रॅम λ बघूनच थांबायचा. पहिल्या मोडमधली एक टक्का चूक आलेखावर दिसतसुद्धा नाही. दुसऱ्यात ती नऊ टक्के झाली आणि चौकटीच्या एका टोकाला, जिथे हालचाल असायला नको, तिथे हालचाल दिसायला लागली. फ्रीक्वेन्सी मोजणीशी जुळत होती, म्हणून मला प्रोग्रॅमवर शंकाच आली नाही. सेन्सर नीट चिकटला नसेल म्हणून तो तीनदा उखडून परत लावला, अख्खी शिफ्ट गेली, आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली ती वेगळी. संध्याकाळी घरी येऊन दोन्ही मोडचा डॉट प्रॉडक्ट काढला (वस्तुमान हिशेबात घेऊन), तेव्हा कळलं की ते काटकोनात नाहीतच.

तो डॉट प्रॉडक्ट तुम्हीही काढा. तुमचे सगळे व्हेक्टर V मध्ये उभ्या स्तंभांत ठेवून `V.T @ V` छापा. कर्णाबाहेर 1e-10 सारखे आकडे हवेत. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन व्हेक्टरांचा गुणाकार −०.०२३ येतो, म्हणजे भेसळ लगेच पकडली जाते. eigh शी तुलना करण्याचीही गरज नाही. खऱ्या कामात तर eigh हाताशी नसतानाच आपण हे करत असतो.

मग थांबायचं कधी? रेसिड्यूअलवर, म्हणजे Av − λv या व्हेक्टरची लांबी बघून. चौथ्या ओळीवर तो ०.०६९ आहे. λ मधला बदल ०.००७ दाखवत होता, खरी चूक ०.०००७ होती, आणि रेसिड्यूअल मात्र सरळ सांगतो की अजून सात शतांश बाकी आहे. त्याला λ₁ − λ₂ म्हणजे ७ ने भागलं की व्हेक्टरमधली भेसळ मिळते, ०.००९९. λ₂ आपल्याला आधी माहीत नसते हे खरं, म्हणून नेमका हिशेब करत बसण्यापेक्षा रेसिड्यूअल मॅट्रिक्सच्या मापाच्या 1e-10 पट होईपर्यंत चालू द्यायचं. किंमत किती? भेसळ ०.०१ वरून 1e-10 वर आणायला, दर फेरीला ०.३ पट या हिशेबाने, आणखी १६ फेऱ्या. तुमच्या १२×१२ मॅट्रिक्सला हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मी विद्यार्थी होतो तेव्हाही फेऱ्या वाचवायची हौस असायची, का कोण जाणे.

आता ऋण व्हॅल्यू. इथे दोन गोष्टी एकत्र आल्यात. पहिली तुमच्या डेटाची आहे. १२ बाजार आणि १० आठवडे. कोरिलेशन काढताना प्रत्येक बाजाराची सरासरी वजा होते, त्यामुळे १० आठवड्यांतून ९ च स्वतंत्र दिशा उरतात. म्हणजे तुमच्या मॅट्रिक्सच्या १२ पैकी किमान ३ आयगेन व्हॅल्यू शून्य आहेत, कितीही अचूक मोजलं तरी. नऊ जोड्या काढून झाल्यावर उरलेली मॅट्रिक्स शून्य असायला हवी होती. दहाव्या वेळी लूप चालवला तेव्हा पॉवर मेथडला पकडायला खरं काही नव्हतंच.

पण तिला काहीतरी सापडलं, कारण तुमच्या वजाबाक्यांनी मागे कचरा ठेवलाय. आपल्या तीन बाजारांकडे परत या. भेसळ असलेला v आणि ९.९९९३ घेऊन वजाबाकी केली. v₁ च्या दिशेला आता शून्य उरायला हवं. प्रत्यक्षात तिथे −०.००१६ उरतं. सूत्र हवं असेल तर −(λ₁ − λ₂)²θ²/λ₂. चिन्ह बघा, ते ऋणच येतं. हिशेबही जुळतो: ९.९९९३, ३.००२३, १ आणि −०.००१६ यांची बेरीज १४ येते, आणि १४ हाच मूळ मॅट्रिक्सचा ट्रेस. दुसरी व्हॅल्यू जितकी फुगली त्याची वसुली या ऋण शेपटातून होते. ३×३ मॅट्रिक्सवर कुणी चौथ्यांदा लूप चालवला तर त्याला हीच −०.००१६ मिळेल. तुम्हाला दहाव्या वेळी मिळाली ती अशाच शेपटांपैकी सर्वांत मोठी.

म्हणून कोरिलेशन किंवा कोव्हेरियन्स मॅट्रिक्सवर ऋण व्हॅल्यू आली की मी ती फेकून देत नाही, वाचतो. कचऱ्याचा थर कुठवर आहे ते ती सांगते. ऋण व्हॅल्यू −०.००१६ असेल तर ०.००२ च्या आसपासच्या धन व्हॅल्यूंवरही विश्वास ठेवू नये, त्या खऱ्या असतील किंवा याच थरातल्या असतील. मात्र मॅट्रिक्स नुसतीच सिमेट्रिक असेल, कोरिलेशनसारखी नसेल, तर हा इशारा लागू नाही. तिथे खऱ्या ऋण व्हॅल्यू असू शकतात, आणि पॉवर मेथड चिन्ह न बघता आकाराने सर्वांत मोठी पकडते.

आता दुरुस्ती. रेसिड्यूअलवर थांबलात तरी निम्मं काम होईल. उरलेलं असं: A मधून काही वजाच करू नका. मूळ A ने गुणा आणि प्रत्येक फेरीत, सापडलेल्या सगळ्या व्हेक्टरांच्या दिशेचा भाग गुणाकारातून काढून टाका. मी असं लिहितो:

```python
import numpy as np

def top_pairs(A, m, tol=1e-10, maxit=5000):
    n, scale = len(A), np.linalg.norm(A)
    V, lams = np.zeros((n, 0)), []
    rng = np.random.default_rng(1)
    for _ in range(m):
        y = rng.standard_normal(n)
        for it in range(maxit):
            x = y - V @ (V.T @ y)
            x /= np.linalg.norm(x)
            y = A @ x
            y -= V @ (V.T @ y)
            lam = x @ y
            if np.linalg.norm(y - lam * x) <= tol * scale:
                break
        else:
            print("नाही जमलं:", len(lams) + 1)
        V = np.column_stack([V, x])
        lams.append(lam)
    return np.array(lams), V
```

यात दोन फायदे आहेत. नवा व्हेक्टर जुन्यांना काटकोनात राहायला बांधलेला असल्यामुळे पहिल्या व्हेक्टरची भेसळ दुसऱ्यात λ₁/λ₂ पट होत नाही, जेवढी होती तेवढीच जाते. ०.००९९ ची ०.०३३ होत नाही, ०.००९९ च राहते. एक फेरी खाल्ली जात होती तीही वाचली. दुसरं म्हणजे A ला हात लागत नाही. विरळ मॅट्रिक्सवर `np.outer` वजा केलं की ती एका फटक्यात गच्च भरते, आणि मोठ्या कामात मेमरी तिथेच संपते.

इथे एक मोह टाळा. काहीजण म्हणतात की सुरुवातीचाच व्हेक्टर v₁ ला काटकोनात घेतला की झालं, दर फेरीला कशाला? कागदावर खरं आहे. कॉम्प्युटरवर पहिल्याच गुणाकारात राउंडिंगमुळे 1e-16 एवढा v₁ आत शिरतो, आणि नंतर दर फेरीला दुसऱ्याच्या तुलनेत λ₁/λ₂ पट वाढतो. आपल्या १० आणि ३ च्या उदाहरणात साधारण ३१ फेऱ्यांत तो दुसऱ्याला गाठतो आणि तुम्ही परत पहिल्या जोडीवर येऊन पडता. गंमत म्हणजे वीस फेऱ्यांपर्यंत सगळं छान दिसतं. λ आधी ३ वर स्थिर होते आणि मग आपोआप १० कडे चढायला लागते. असा आलेख दिसला तर हेच कारण.

जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आता. दुसरी जोडी किती लवकर येईल हे λ₃/λ₂ वर ठरतं, पहिल्या जोडीशी त्याचा संबंध संपलेला असतो. कांद्याच्या भावांमध्ये पहिली व्हॅल्यू बहुतेक खूप मोठी असणार, कारण जिल्हाभर भाव एकत्र हलतात, म्हणून ती तुम्हाला पाच-सहा फेऱ्यांतच मिळाली असेल. दुसरी, तिसरी, चौथी मात्र एकमेकींना चिकटून असू शकतात. ०.४० आणि ०.३९ अशा दोन असतील तर गुणोत्तर ०.९७५, आणि एक दशांश स्थळ पुढे सरकायला ९० हून जास्त फेऱ्या लागतात. तिथे वरच्या कोडमध्ये "नाही जमलं" छापलं गेलं तर maxit वाढवत बसू नका. जवळजवळ सारख्या व्हॅल्यूंचे व्हेक्टर सुटे सुटे काढण्यात अर्थही नसतो. दहाच्या जागी अकरा आठवडे घेतले की ते दोघं आपसात फिरून वेगळेच दिसतील. त्या दोघांनी मिळून व्यापलेलं प्रतल तेवढं टिकाऊ असतं. म्हणून त्या व्हेक्टरवरून "लासलगाव वर की येवला खाली" असले निष्कर्ष काढू नका.

आणि स्पष्टच सांगायचं तर १२×१२ ला मी स्वतः `np.linalg.eigh` लावून मोकळा होतो, तुम्हीही रिपोर्टसाठी तेच लावा. डिफ्लेशन कामाला येतं ते हजारो ओळींची मॅट्रिक्स असताना, वरच्या दोन-चार जोड्याच हव्या असताना, आणि A ने गुणता येतं पण A मांडून ठेवणं परवडत नाही तेव्हा. भावांच्या बाबतीत तर A बांधायचीही गरज नाही. सरासरी वजा करून प्रमाणित केलेला तक्ता X असेल तर `A @ x` च्या जागी `X.T @ (X @ x)` लिहून आठवड्यांच्या संख्येतून एक वजा करून भागा, काम झालं. scale मात्र तेव्हा वेगळा द्यावा लागेल, पहिली λ चालते.

तर तुमच्यापुरता क्रम असा: आधी `V.T @ V` छापा, मग थांबायची अट रेसिड्यूअलवर न्या, मग वरचा कोड लावा. बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांतच दुसरा व्हेक्टर eigh शी जुळेल, फक्त चिन्ह उलटं असू शकतं, ती चूक नव्हे. दहावी व्हॅल्यू तेव्हा 1e-16 च्या आसपास कुठेतरी येईल, कधी धन कधी ऋण. ती शून्यच आहे. तिचा व्हेक्टर तुमच्या यादृच्छिक सुरुवातीतून आलेला असतो, seed बदलला की तोही बदलेल.